गटप्रकल्पाची वाटणी: कुणाला काय द्यायचं आणि ‘झालं’ हे कुणी ठरवायचं

पाच जणांचा गट, एक प्रकल्प आणि तीन आठवडे. बहुतेक गट पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत वाटणी उरकतात. जिचं अक्षर चांगलं ती लिहिणार, ज्याच्याकडे प्रिंटर तो छापून आणणार, जो धीट तो बोलणार आणि उरलेले दोघं ‘मदत करणार’. या वाटणीत काय चुकतं ते तिसऱ्या आठवड्यात कळतं. लिहिणारी माहितीची वाट बघत बसते, मदत करणाऱ्यांना नेमकी कशात मदत करायची ते कुणी सांगितलेलं नसतं आणि शेवटच्या रात्री एकजण सगळं ओढून नेतो.

एकच प्रकल्प घेऊन सगळी पद्धत बघू. विषय आहे, शाळेतल्या गळक्या नळांमधून दिवसाला किती पाणी वाया जातं. शाळेत १२ नळ आहेत. गटात नववीतली पाच मुलं आहेत, त्यांना मीरा, ओंकार, सना, जय आणि तन्वी म्हणू. सोमवारी सुरुवात करायची आणि तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी प्रकल्प जमा करायचा.

आधी कामं सुटी करा, माणसं नंतर

माणसांपासून सुरुवात केली की कामं माणसांच्या मापाने कापली जातात आणि अवघड काम कुणाच्याच वाट्याला येत नाही. म्हणून कुणाचंही नाव न घेता आधी कामांची यादी करा. एक अट पाळा. प्रत्येक काम असं लिहा की ते संपल्यावर हातात काहीतरी दाखवता येईल. ‘माहिती गोळा करणे’ हे काम नव्हे, कारण ते कधी संपलं हे कुणालाच सांगता येत नाही. ‘१२ नळांना क्रमांक दिलेला शाळेचा नकाशा’ हे काम आहे. तो कागद एकतर समोर आहे किंवा नाही.

आपल्या प्रकल्पाची यादी साधारण अशी होईल: क्रमांकांसह नळांचा नकाशा, मोजणीची परवानगी, प्रत्येक नळाची दोनदा मोजणी, हिशेबाचा तक्ता, आलेख, अहवालाचा मजकूर, मांडणीचा फलक, सादरीकरण. यादी झाली की प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहा. ते किती वेळाचं आहे आणि ते सुरू करायला आधी कुठलं काम व्हायला हवं.

वेळेचा अंदाज करताना सावध राहा. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल ते विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. तेव्हा ‘होईल एका दुपारी’ या शब्दावर विसंबू नका, काम मोजून बघा. एका नळाखाली मोजपात्र १० मिनिटं ठेवायचं, ते लावायला, वाचायला आणि नोंद करायला आणखी पाचेक मिनिटं. मधली सुट्टी अर्ध्या तासाची असेल तर एकजण दिवसाला दोनच नळ मोजू शकतो. १२ नळ दोनदा म्हणजे २४ मोजण्या. दोघं लागले तर दिवसाला चार, म्हणजे शाळेचे सहा दिवस. वरवर सोपं दिसणारं हे काम तीन आठवड्यांतले सहा दिवस खाणार आहे आणि आलेख, हिशेब, निष्कर्ष सगळे त्याच्यावर अवलंबून आहेत. कामाची रांग इथून सुरू होते हे पहिल्या दिवशीच कळलं तर निम्मी पळापळ वाचते.

कुणाला काय येतं ते विचारू नका, करून बघा

‘तुला काय चांगलं जमतं?’ या प्रश्नाला बोलकी मुलं बोलणं सांगतात आणि अबोल मुलं ‘काहीही चालेल’ म्हणतात. त्याऐवजी अर्ध्या तासाचा एक छोटा सराव घ्या. पाचही जणांनी तीच चार कामं करायची. नळाची गळती कशी मोजायची ते चार ओळींत लिहायचं. दिलेल्या सहा आकड्यांचा स्तंभालेख काढायचा. तीच पद्धत एका मिनिटात तोंडी समजावून सांगायची. आणि मोजपात्रात बरोबर २५ मिलिलिटर पाणी घेऊन दाखवायचं. शेवटचं काम क्षुल्लक वाटतं, पण कोण खाली वाकून डोळे पाण्याच्या पातळीला आणतो आणि पृष्ठभागाच्या वक्राचा तळ वाचतो, कोण उभ्या उभ्या वरून बघून आकडा ठोकून देतो, हे तिथेच दिसतं.

प्रत्येकाच्या प्रत्येक कामाला गटाने मिळून १ ते ३ गुण द्यायचे. ३ म्हणजे एकट्याने नीट करेल, २ म्हणजे कुणी तपासून दिलं तर करेल, १ म्हणजे शिकावं लागेल. हे गुण प्रकल्पापुरते आहेत, परीक्षेचे नाहीत, हे आधीच बोलून टाकलेलं बरं. शेजारी आणखी दोन रकाने ठेवा: काय करायला आवडेल आणि कुठल्या दिवशी वेळ नाही. सामने, क्लास, घरी फोन किंवा संगणक असणं-नसणं हे सगळं इथे लिहायचं. ज्याला उत्तम जमतं पण नेमका त्या आठवड्यात वेळच नाही, त्याला ते काम देऊन उपयोग नाही.

वाटणीतली खरी मेख

आपल्या गटात सराव झाल्यावर चित्र असं निघालं. मीराला लेखनात ३ आणि आलेखातही ३. ओंकारला बोलण्यात ३, लेखनात २, आलेखात १. सना आणि तन्वी दोघींना मोजणीत ३, बाकी १ किंवा २. जयची आकृती सुबक, मोजणीत २, बोलण्यात १.

सरळ हिशेब सांगतो की लेखन मीराला द्या, ती त्यात सर्वांत चांगली आहे. पण मग आलेख आणि हिशेब कोण करणार? त्यात मीरा सोडून कुणालाच १ च्या वर गुण नाहीत. लेखनात मात्र तिच्या मागे ओंकार उभा आहे. म्हणून मीराला हिशेब आणि आलेख, ओंकारला लेखन आणि मीराने त्याचा मजकूर वाचून द्यायचा. ‘या कामात सर्वांत चांगलं कोण?’ असं विचारू नका, ‘हे काम दुसरं कोण करू शकेल?’ असं विचारा. ज्या कामाला माणसं कमी, ते काम आधी वाटायचं. हुशार मुलीवर तीन कामं लादण्याची चूक याच एका प्रश्नाने टळते.

मोजणी सना आणि तन्वीकडे गेली, नकाशा आणि फलक जयकडे. परवानगी काढणं आणि सादरीकरणाची जुळवाजुळव ओंकारकडे. आता तास जुळतात का ते बघा. जयचं काम पहिल्या आठवड्यात नकाशापुरतं आणि शेवटच्या आठवड्यात फलकाचं आहे, मधला आठवडा रिकामा. म्हणून मोजणीत तो राखीव गडी. त्या दोघींपैकी कुणी गैरहजर असेल तर त्या दिवशी जय मोजायला जाईल. हेही आधीच लिहून ठेवायचं.

प्रत्येक कामाला एकच जबाबदार नाव द्या. ‘सना आणि तन्वी मिळून’ असं लिहिलं की दोघींनाही वाटतं दुसरी बघेल. माणूस गटात जोर कमी लावतो, ही नुसती तक्रार नाही. मानसशास्त्रज्ञ बिब लताने यांच्यासह तीन संशोधकांनी १९७९ मध्ये लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून मोजलं, तेव्हा गट मोठा होत गेला तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला. १९८१ मध्ये त्यांनीच दाखवलं की कुणाचा आवाज किती हे वेगळं ओळखता येणार आहे असं कळलं, की ही घट जवळपास नाहीशी होते. तेव्हा नळ क्रमांक १ ते ६ सना, ७ ते १२ तन्वी. चार शब्दांचा बदल आहे, पण वहीत कुठला आकडा कुणाचा हे स्पष्ट होतं.

जबाबदार नावाशेजारी दुसरं नाव जोडीदाराचं. जोडीदार तेच काम अर्धं करत नाही. तो ते तपासतो आणि अडचण आली तर हाताशी असतो. जोडीदार शक्यतो त्या कामात २ किंवा १ गुण असलेला घ्या, म्हणजे ज्याला आलेख येत नाही तो निदान आलेख तपासायला शिकतो. फक्त जिथे चूक झाली तर सगळंच कोसळेल तिथे, म्हणजे लेखनात, जाणकार जोडीदार हवा. बलस्थानावर वाटणी करण्याचा दोष हाच आहे की प्रत्येकजण येतं तेच पुन्हा करतो. जोडीदाराची सोय तो दोष पुरता घालवत नाही, थोडा कमी करते.

ट्रॅकर: सात रकाने, त्याहून जास्त नको

सामायिक गूगल शीटमध्ये किंवा वर्गाच्या भिंतीवरच्या मोठ्या कागदावर एक तक्ता करा. घरी इंटरनेट नसलेलं एक मूल जरी गटात असलं तरी भिंतीवरचा कागदच खरा मानायचा आणि शीट त्याची नक्कल. दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलं गेलं की ट्रॅकरवरचा विश्वासच उडतो.

| काम | जबाबदार | जोडीदार | तारीख | स्थिती | कुठे आहे | कशामुळे अडलं |
|---|---|---|---|---|---|---|
| नळांचा नकाशा | जय | तन्वी | पहिला बुधवार | झालं | निळी फाइल | |
| नळ १ ते ६ मोजणी | सना | जय | दुसरा शुक्रवार | चालू | मोजणी वही | |
| हिशेबाचा तक्ता | मीरा | सना | तिसरा सोमवार | सुरू नाही | | |
| अहवाल, पहिला मसुदा | ओंकार | मीरा | तिसरा सोमवार | चालू | सामायिक दस्तऐवज | |

स्थितीला चारच शब्द ठेवा: सुरू नाही, चालू, अडलं, झालं. टक्केवारी नको. ‘९० टक्के झालं’ हे वाक्य एका कामाबद्दल दोन आठवडे ऐकू येऊ शकतं. ‘झालं’ हा शब्द मात्र जबाबदार मुलाने लिहायचा नाही. तो जोडीदाराने, वस्तू स्वतः बघून लिहायचा. सगळ्या ट्रॅकरमधला सर्वांत कामाचा नियम हाच आहे. जयने नकाशा पुरा केला असं सांगितलं, तन्वी तो घेऊन शाळेत फिरली आणि प्रयोगशाळेमागचा नळ त्यावर नाही हे तिला दिसलं, तर काम ‘चालू’च राहिलं.

तारीख हुकली तर जुनी तारीख पुसू नका, कागदावर त्याच चौकटीत शेजारी नवी लिहा. शीट असेल तर खऱ्या तारखा टाका आणि उशीर झालेली ओळ आपोआप रंगेल अशी सोय करा. तारीख D रकान्यात आणि स्थिती E मध्ये असेल, तर दुसऱ्या ओळीपासून खाली सगळा तक्ता निवडून `Conditional formatting` मध्ये `Custom formula is` निवडा आणि खालचं सूत्र द्या. शीटमध्ये नवी तारीख ‘कशामुळे अडलं’ रकान्यात लिहा, कारण D मध्ये दोन तारखा कोंबल्या की ती ओळ या सूत्राला तारीख म्हणून वाचता येत नाही.

```
=AND($D2<>"",$D2<TODAY(),$E2<>"झालं")
```

ट्रॅकर भरायला दिवसाला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागायला लागला तर तो भरला जाणार नाही. रंगीबेरंगी चिन्हं, उपकामांची उपकामं, प्रत्येकाच्या गुणांची बेरीज हे सगळं हौसेचं आहे. पहिल्या आठवड्यात छान दिसतं, दुसऱ्यात कुणी उघडत नाही.

चेकपॉइंट चार, आणि पहिला सर्वांत विचित्र

पहिला चेकपॉइंट पहिल्याच गुरुवारी. त्या दिवशी एका नळाचा संपूर्ण प्रकल्प पुरा झालेला असला पाहिजे. एकच नळ मोजायचा, त्याचा हिशेब करायचा, एका स्तंभाचा आलेख काढायचा, अहवालात त्याबद्दल एक परिच्छेद लिहायचा आणि तो मोठ्याने वाचून दाखवायचा. काम लहान आहे, पण ते पाचही जणांच्या हातांतून जातं आणि जिथे जिथे एकाचं काम दुसऱ्याला जोडायचं आहे ते सगळे सांधे उघडे पडतात.

आपल्या गटात काय उघडं पडलं? सनाने नळ ४ खाली १० मिनिटांत २५ मिलिलिटर पाणी जमलं असं लिहिलं. तासाला १५० मिलिलिटर, दिवसाला ३,६०० मिलिलिटर, म्हणजे ३.६ लिटर. मीराने तक्ता मिलिलिटरमध्ये केला, ओंकारने परिच्छेदात लिटर लिहिलं. शिवाय नळ आधी घट्ट बंद करून मोजायचा की सापडला तसा, हे कुणी ठरवलंच नव्हतं. सना घट्ट करून मोजत होती, तन्वी नाही. २४ मोजण्या झाल्यावर हे कळलं असतं तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं. गुरुवारी कळलं म्हणून एका ओळीत निपटलं: नळ सापडेल तसाच ठेवून मोजायचा, नोंद मिलिलिटरमध्ये, अहवालात लिटर, दशांश चिन्हानंतर एकच अंक.

ओंकारला त्यातून आणखी एक फायदा झाला. पद्धत ठरली, म्हणजे प्रस्तावना आणि पद्धतीचा भाग तो आकड्यांची वाट न बघता लिहू शकतो. मीराही तक्त्यात सूत्रं घालून ठेवू शकते, आकडे येतील तसे भरत जाईल.

दुसरा चेकपॉइंट मोजणीच्या मध्यावर, दुसऱ्या मंगळवारी. पहिल्या शुक्रवारी मोजणी सुरू झाली, म्हणजे सोमवार, मंगळवार धरून तीन दिवसांत १२ मोजण्या व्हायला हव्यात. झाल्या सात. एका सुट्टीत कार्यक्रम होता आणि एकदा कुणीतरी मोजपात्र हलवलं. इथे बहुतेक गट ‘उद्यापासून जास्त करू’ म्हणतात. पण सुट्टी तेवढीच आहे, जास्त कुठून करणार? उरलेल्या तीन दिवसांत १२ मोजण्या बसतात आणि शिल्लक १७ आहेत. तेव्हा कामच कमी करायला हवं. दोघींनी न मोजलेले पाच नळ फिरून पाहिले. त्यातले चार अजिबात गळत नव्हते. त्यांना मोजपात्र लावायची गरज नाही, दोन वेगळ्या दिवशी नुसतं बघून शून्य लिहायचं. आठ मोजण्या वाचल्या, उरल्या नऊ. तीन दिवसांत त्या बसतात आणि तीन मोजण्यांची सवडही राहते. अहवालात मात्र ‘चार नळ दोनदा फक्त पाहिले, मोजले नाहीत’ हे वाक्य घालायचं. ती त्या मोजणीची मर्यादा आहे आणि ती झाकली तर शिक्षकांच्या पहिल्याच प्रश्नात बाहेर येईल.

तिसरा चेकपॉइंट तिसऱ्या सोमवारी: पुरा तक्ता, आलेख, अहवालाचा पहिला मसुदा. चौथा बुधवारी: सगळं एकत्र जोडलेलं आणि तालीम. गुरुवार मुद्दाम मोकळा सोडायचा. त्या दिवशी नवं काहीही सुरू करायचं नाही, फक्त राहिलेलं.

चेकपॉइंटची बैठक पंधरा मिनिटांची असावी आणि उभ्याने झाली तर उत्तम. ‘कुठपर्यंत आलं?’ असं विचारू नका, ‘दाखव’ म्हणा. मग ‘कशामुळे अडलं?’ एवढंच. बाकी चर्चा नंतर, ज्यांची त्यांच्यात.

गाडी अडल्याची चिन्हं

एखादी ओळ लागोपाठ दोन चेकपॉइंटला ‘चालू’ असेल आणि ‘कुठे आहे’ हा रकाना रिकामाच असेल, तर ते काम सुरूच झालेलं नाही असं धरा. आळस हे त्याचं कारण क्वचितच असतं. बहुतेकदा सुरुवात कुठून करायची हे कळलेलं नसतं आणि विचारायला लाज वाटते. अशा वेळी काम आणखी लहान तुकड्यात कापा: ‘अहवाल लिही’ ऐवजी ‘उद्यापर्यंत पद्धतीचे पाच मुद्दे, वाक्यं नकोत’. तोही तुकडा आला नाही तर जोडीदाराशी कामाची अदलाबदल करा, ट्रॅकरवर तसं लिहून. तरीही नाही, तर ट्रॅकर घेऊन सरांकडे किंवा बाईंकडे जा. मात्र ते दुसऱ्या आठवड्यात करा. जमा करायच्या आदल्या दिवशी केलेली तक्रार कुणाच्याच उपयोगाची नसते.

एक गोष्ट मात्र करू नका: त्याचं काम गुपचूप स्वतः करून टाकणं. चांगल्या विद्यार्थ्यांना हा मोह फार होतो. तसं केलं की ट्रॅकर खोटा ठरतो आणि पुढच्या प्रकल्पात तोच मुलगा पुन्हा वाट बघत बसतो. शीट किंवा सामायिक दस्तऐवजात कुणी कधी काय बदललं ते `File` मधल्या `Version history` मध्ये दिसतं. वाद झालाच तर तिथे बघता येतं, पण रोज उठून ते तपासत बसू नका, गटातला विश्वास त्याने आटतो.

जोडणी आणि तालीम

पाच जणांनी केलेले तुकडे एकापुढे एक चिकटवले की प्रकल्प होत नाही. जोडणी हे वेगळं काम आहे आणि त्यालाही एक नाव हवं. आपल्या गटात ते तन्वीकडे दिलं, कारण ती सावकाश आणि बारकाईने वाचते. तिने चार गोष्टी बघायच्या: नकाशातले नळ आणि तक्त्यातले नळ तेवढेच आहेत का, तक्त्यातला आकडा मजकुरात तसाच आला आहे का, सगळीकडे एकच एकक आहे का आणि आलेखाच्या दोन्ही अक्षांना नावं आहेत का. चूक सापडली तर तिने स्वतः दुरुस्त करायची नाही. ज्याची आहे त्याला परत द्यायची, नाहीतर तक्ता दुरुस्त होतो आणि आलेख जुनाच राहतो.

तालमीत पहिली फेरी नेहमीसारखी, ज्याचं काम त्याने सांगायचं. दुसऱ्या फेरीत अदलाबदल. जयने आलेख समजावायचा, मीराने मोजणीची पद्धत, सनाने निष्कर्ष. शिक्षक नेमका मोजणी करणाऱ्या मुलीला आलेखाचा प्रश्न विचारतात आणि तिथे ती गप्प झाली की गटाने कामं नुसती वाटून घेतली होती हे दिसतं. जयला बोलायला जड जातं हे पहिल्या दिवशीच माहीत होतं, म्हणून त्याच्यासाठी दोन वाक्यं पुरेत: ३.६ लिटर कसे आले आणि चार नळ शून्य का धरले. जिथे कुणी अडखळलं तो प्रश्न ट्रॅकरवर नवी ओळ म्हणून लिहा, जबाबदार नाव ज्याला उत्तर येत नाही त्याचं, जोडीदार ज्याला येतं त्याचं, तारीख गुरुवार.